विद्याथ्र्यांना ते विद्यार्थ्यांना

जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणायचा तर तो माणसानं समोर ठेवून पुन्हा टाइप करावा, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकाचं मुद्रितशोधन मी पहिल्यापासून करते. अंक वर्डमध्ये कृतिदेव फॉन्टात टाइप व्हायचा, पेजमेकरमध्ये लागायचा आणि छापून घरोघर जायचा. पुढे कुणी ‘हे सगळं कन्व्हर्टरमधून काढून टाकू’ असं सुचवलं की मी विरोध करायची. आज माझं मत उलट आहे. ते का बदललं हे लिहायचं ठरवलं, कारण मी ज्या कारणानं विरोध करत होते ते कारण मला आजही खरं वाटतं. फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष आता वेगळा निघतो.

ते कारण म्हणजे ‘विद्याथ्र्यांना’. जुन्या मराठी बातम्या आणि लेख संगणकावर वाचणाऱ्या प्रत्येकाला हा शब्द भेटलेला आहे. त्याची भावंडंही भेटलेली आहेत: ‘कार्यकत्र्यांनी’, ‘सि्थती’. हे पाहिलं की मला वाटायचं, ज्या यंत्राला ‘विद्यार्थी’ लिहिता येत नाही त्याच्या हाती आपल्या लेखकांचं लेखन द्यायचंच कशाला? शिवाय अंकांची पीडीएफ होती. तिच्यात फॉन्ट आतच बसवलेला असतो, त्यामुळे पान कुठल्याही संगणकावर छापल्यासारखं दिसतं. दिसतंय तर आणखी काय हवं, असा माझा सवाल असे.

‘दिसतंय’ या शब्दावरचा माझा भरवसा आमच्या एका जुन्या वाचकांनी काढून घेतला. ते निवृत्त शिक्षक. दृष्टी गेल्यावर ते संगणकावर एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावून वाचू लागले. आमच्या अंकाची पीडीएफ त्यांनी मागवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. “ताई, अंक उघडतो, पण मराठी बोलत नाही. नुसती इंग्रजी अक्षरं बडबडतो. माझाच लेख आहे ना त्यात?” त्यांचाच होता. मी ती पीडीएफ उघडली, एक ओळ निवडून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवली, आणि ते काय ऐकत होते ते मला दिसलं. मथळ्यातल्या ‘मराठी’ या शब्दाच्या जागी तिथे होतं:

```
ejkBh
```

कृतिदेव हा फॉन्ट मराठी साठवतच नाही. तो साठवतो इंग्रजी अक्षरं, आणि त्या अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं दाखवतो. e या जागेवर म-चं चित्र, j वर र-चं, k वर काना, B वर ठ आणि h वर दीर्घ वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये अशा जेमतेम 256 जागा असत, त्यातही सगळ्या वापरता येत नसत. देवनागरीची सगळी जोडाक्षरं तेवढ्यात बसणं अशक्य. म्हणून या फॉन्टांनी अक्षरांचे तुकडे केले: अर्धा थ वेगळा, काना वेगळा, रफार वेगळा. टंकलेखन यंत्रावर जसं एकेक तुकडा डावीकडून उजवीकडे उमटवत जावं, तसंच. कृतिदेवचा कळफलकही रेमिंग्टन टाइपरायटरचाच आहे, त्यामुळे जुन्या टायपिस्टांचा हात त्यावर लगेच बसला.

युनिकोडची रीत निराळी आहे. त्याची पहिली आवृत्ती 1991 साली आली. त्यात म हा म असतो, त्याचा क्रमांक ठरलेला असतो, आणि अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवली जातात. ‘धर्म’ लिहिताना आधी ध, मग र, मग हलन्त, मग म. रफार म-च्या डोक्यावर काढायचा हे काम दाखवणाऱ्या फॉन्टचं. कृतिदेवमध्ये मात्र रफार म-च्या नंतर येतो, कारण टायपिस्ट आधी म उमटवतो आणि मग त्याच्या डोक्यावर रफार ठेवतो. तिथला ‘धर्म’ असा असतो: `/keZ`. शेवटचा Z म्हणजे रफार. थोडक्यात, जुनी फाइल ही हाताच्या हालचालींची नोंद आहे आणि युनिकोड ही उच्चाराची.

सरांना त्यांचा लेख वाचता यावा म्हणून मी माझ्या मताप्रमाणे तो पुन्हा टाइप करवून घेतला. काम चांगल्या ऑपरेटरकडे दिलं आणि मुद्रितं मी स्वतः तपासली. त्यानंतर आणखी लेख असेच करून घेतले. माझं मत हललं ते या तपासणीत, आणि मला त्याची अपेक्षा नव्हती. अधूनमधून एखादी ओळच गळलेली असे, कारण लागोपाठच्या दोन ओळी एकाच शब्दानं सुरू होत होत्या आणि डोळा वरून खाली घसरला होता. ही चूक जुनीच आहे, पोथ्यांची नक्कल करणारेही ती करत आले. पण खरी अडचण वेगळीच निघाली. आमच्या अंकात वऱ्हाडी बोलीतल्या कथा असतात. मुळातलं ‘मले’ नव्या प्रतीत ‘मला’ झालं होतं, ‘व्हतं’चं कुठे ‘होतं’ झालं होतं आणि कुठे नव्हतं. ऑपरेटरनं हे मुद्दाम केलेलं नव्हतं. तो वाचत होता, त्याला अर्थ कळत होता, आणि अर्थ कळणारा माणूस लिहिताना नकळत आपल्या सवयीचा शब्द लिहितो. मलाही ते पहिल्या वाचनात कळलं नाही, कारण ‘मला’ हा शब्द चुकलेला दिसत नाही.

तेव्हा मी कन्व्हर्टरच्या चुका पुन्हा काढून बघितल्या. त्यात ‘मले’ जिथे तिथे ‘मले’च होतं. ‘विद्याथ्र्यांना’ मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दर वेळी तसाच चुकलेला होता. माणसाच्या चुका विखुरलेल्या असतात आणि बऱ्याचदा बरोबर शब्दांच्या वेषात असतात. यंत्राची चूक प्रत्येक वेळी तीच असते, कारण ती एखाद्या नियमातून आलेली असते. मग तो नियमच शोधला तर?

म्हणून मी तो एक शब्द धरून बसले. कृतिदेवमध्ये ‘विद्यार्थ्यांना’ असा आहे:

```
fo|kF;kZauk
```

डावीकडून वाचत जा. f ही पहिली वेलांटी, o म्हणजे व, | म्हणजे द्य, k हा काना. पुढे F हा अर्धा थ, ; म्हणजे य, k काना, Z रफार, a अनुस्वार, आणि uk म्हणजे ना. छापलेल्या पानावर रफार ‘थ्या’ या अख्ख्या जोडाक्षराच्या उजव्या टोकावर बसतो, म्हणून टायपिस्टानं तो सगळ्यात शेवटी, कान्याच्याही नंतर दिला आहे. युनिकोडमध्ये त्याला थ-च्या आधी जायचं आहे. म्हणजे Z दिसला की तिथून मागे चालत जायचं: काना ओलांडायचा, य ओलांडायचा, आणि य-च्या मागे अर्धं अक्षर असेल तर तेही ओलांडायचं. पहिलं पूर्ण जोडाक्षर जिथे सुरू होतं तिथे ‘र्’ ठेवायचा. बिघडलेला कन्व्हर्टर य ओलांडून थांबतो. अर्धा थ मागे राहतो, र मध्येच घुसतो आणि ‘थ्र्या’ तयार होतं. चूक एवढीच आहे.

पायथॉनमध्ये, सुटी अक्षरं बदलून झाल्यावर आणि फक्त Z उरलेला असताना, चुकीचा नियम हा:

```python
s = re.sub(r'([क-ह][ा-ौं]*)Z', r'र्\1', s)
```

आणि बरोबर हा:

```python
s = re.sub(r'((?:[क-ह]्)*[क-ह][ा-ौं]*)Z', r'र्\1', s)
```

फरक आहे तो `(?:[क-ह]्)*` एवढ्या तुकड्याचा. ‘आधी कितीही अर्धी अक्षरं असली तरी ती धरून’ हा त्याचा अर्थ. मी प्रोग्रॅमर नाही. वाचनालयात येणाऱ्या एका अभियांत्रिकीच्या मुलीनं मला हे ओळ ओळ करून समजावलं, आणि समजल्यावर मला ते व्याकरणाच्या सूत्रासारखंच वाटलं. हा तुकडा घातला आणि ‘विद्यार्थ्यांना’, ‘कार्यकर्त्यांनी’, ‘सामर्थ्य’ असे सगळे शब्द एकाच वेळी सुधारले. पहिल्या वेलांटीचंही असंच असतं. `fLFkrh` मध्ये वेलांटी सगळ्यांच्या आधी येते, तिला ‘स्थ’ पूर्ण ओलांडून पलीकडे न्यावं लागतं. ती पहिल्याच तुकड्यानंतर ठेवली की ‘सि्थती’ होते.

यानंतर मी घाईनं दुसऱ्या टोकाला गेले असते. आमच्याकडे काही लेख आधीच कुणीतरी कन्व्हर्ट करून ठेवलेले होते आणि त्यांत ‘थ्र्य’, ‘त्र्य’ भरपूर होते. ते शोधून ‘र्थ्य’, ‘र्त्य’ असं सरसकट बदलावं, असं ठरत होतं. नशिबानं पहिल्याच लेखाच्या मथळ्यात ‘स्वातंत्र्य’ होतं. त्यात ‘त्र्य’ अगदी योग्य आहे, तसंच ‘दारिद्र्य’ शब्दातलं ‘द्र्य’ही. सरसकट बदल केला असता तर ‘स्वातंर्त्य’ झालं असतं. एकदा बिघडलेल्या मजकुरात ‘कत्र्या’मधला त्र्य आणि ‘स्वातंत्र्या’मधला त्र्य यांच्यात काहीच फरक उरत नाही. जुन्या फाइलमध्ये मात्र फरक स्पष्ट असतो: ‘कर्त्या’मध्ये Z आहे, ‘स्वातंत्र्या’मध्ये Z नाही.

याचं आणखी ठळक उदाहरण खास मराठीचं आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. हिंदीत हा आडवा र नाही, त्यामुळे हिंदीसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरांच्या तक्त्यात त्याची दखल नसते. आमच्या ऑपरेटरांनी कृतिदेवमध्ये ‘दऱ्या’ लिहिताना र-चा पाय मोडून पुढे या दिला होता. फायलींत हे दोन शब्द असे आहेत:

```
n;kZ     दर्या
nj~;k    दऱ्या
```

सर्वसाधारण कन्व्हर्टर j~ चं ‘र्’ करतो. ते बघायला बरोबर वाटतं, पण युनिकोडमध्ये र, हलन्त आणि य लागोपाठ आले की त्यांचा रफारच होतो. दोन्ही शब्द ‘दर्या’ होतात, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘तऱ्हा’ची ‘तर्हा’. उपाय साधा आहे. बाकी काहीही बदलण्याच्या आधी, j~ च्या पुढे ; म्हणजे य किंवा g म्हणजे ह असेल, तिथे त्या j~ चं ‘ऱ्’ करायचं. युनिकोडमध्ये ऱ हे वेगळं अक्षर आहे, त्याचा क्रमांक U+0931. काही जण हाच आकार साध्या र-ला अदृश्य जोडचिन्ह लावूनही काढतात. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, पण शोधताना एकाला दुसरा सापडत नाही, म्हणून आम्ही सगळीकडे ऱ ठरवून टाकला. हा बदल फक्त मूळ फाइलवरून करता येतो. एकदा दोन्ही शब्द ‘दर्या’ झाले की कोळ्यांच्या लेखातला कुठला आणि सह्याद्रीच्या लेखातला कुठला, हे पुन्हा माणसानंच वाचून ठरवावं लागतं.

माझं मत इथे पूर्ण फिरलं. छपाई झाली की जुन्या फाइलचं काम संपलं, असं मी समजत असे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 7.0, ती 2001 ची. त्याला युनिकोड येतच नव्हतं, आणि त्या फायली मला अडगळच वाटत. आता मी त्या जपते, कारण त्यांच्याइतकी नेमकी नोंद दुसरीकडे नाही. पीडीएफमध्ये पान आहे, कन्व्हर्ट केलेल्या प्रतीत कुणाच्या तरी तक्त्याचा अर्थ आहे, आणि टायपिस्टानं नक्की काय उमटवलं होतं ते फक्त या फाइलमध्ये आहे. तक्ता सुधारला की आम्ही सुधारलेल्या प्रतीला हात लावत नाही. मूळ फाइलवर सगळं रूपांतर पुन्हा नव्यानं चालवतो.

एक गोष्ट मात्र कुठलाही तक्ता सोडवू शकत नाही. मजकुरात मध्येच खरं इंग्रजी असतं. पत्त्यात Pune असेल तर कृतिदेवचा तक्ता त्याचं इमानदारीनं ‘च्नदम’ करतो: P हा अर्धा च, u न, n द, e म. फरक आहे तो फक्त फॉन्टचा, आणि मजकूर साध्या खिडकीत चिकटवला की फॉन्टची माहिती पहिल्यांदा जाते. म्हणून आम्ही चिकटवणं बंद केलं. वर्डच्या फाइलमध्ये मजकुराच्या प्रत्येक तुकड्यासोबत त्याच्या फॉन्टचं नाव साठवलेलं असतं. ज्याचा फॉन्ट कृतिदेव तेवढंच बदलायचं, बाकीचं सोडायचं. यातही एक खोच आहे. वर्ड कधी कधी एकाच शब्दाचे दोन तुकडे करून ठेवतं, मधलं एखादं अक्षर ठळक केलं असलं किंवा नंतर दुरुस्त केलं असलं तर. मग वेलांटी एका तुकड्यात राहते आणि तिचं अक्षर दुसऱ्यात. म्हणून एकाच फॉन्टचे शेजारचे तुकडे आधी जोडून घ्यायचे. हे राहून गेलं की मजकुरात शब्दाच्या सुरुवातीला निराधार ‘ि’ किंवा एखादा एकटा Z सापडतो. रूपांतरानंतर आम्ही सगळ्यात आधी हेच शोधतो.

डोळ्यांना दिसणाऱ्या चुकांपेक्षा न दिसणाऱ्या जास्त छळतात. ‘सर्वोत्तम’ टाइप करताना काही ऑपरेटर काना, मग रफार, मग मात्रा देत: `lokZsRre`. रफार मधून निघून गेला की काना आणि मात्रा वेगवेगळे उरतात, आणि पडद्यावर ‘सर्वाेत्तम’ दिसतं. बऱ्याच फॉन्टांत ते बरोबर शब्दाहून वेगळं ओळखूही येत नाही. पण ‘सर्वोत्तम’ शोधलं तर ते सापडत नाही, आणि वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्याचा उच्चार बिघडवतं. सरांनी अशा जागा मला ऐकून सांगितल्या. मला त्या पाहून कधीच कळल्या नसत्या. मराठीत काना आणि मात्रा ही दोन सुटी चिन्हं लागोपाठ कधीच येत नाहीत, त्यामुळे ‘ाे’चं ‘ो’ आणि ‘ाै’चं ‘ौ’ करायला काही धोका नाही. ‘अ’ला सुटा काना जोडून झालेल्या ‘अा’चंही तेच, त्याचं ‘आ’ करायचं.

मात्र ‘अे’चं ‘ए’ करण्याचा नियम मी यादीतून काढायला लावला. तो कन्व्हर्टरमध्ये असणं समजण्यासारखं आहे, कारण ‘अे’ हे चुकीचं युनिकोड दिसतं. पण आमच्या एका अंकात जुन्या नियतकालिकातला लेख पुनर्मुद्रित केला होता, सावरकरांच्या लिपिसुधारणेतल्या अ-च्या बाराखडीत. त्यात ‘अेक’, ‘अितका’, ‘अुपाय’ असंच लिहिलं आहे, आणि ते लेखकानं विचारपूर्वक लिहिलं आहे. ज्या सवयीनं ऑपरेटरनं ‘मले’चं ‘मला’ केलं, तीच सवय नियमाच्या रूपात यंत्रात आली असती. तो लेख आता वेगळ्या यादीत आहे आणि त्यावर स्वरांचे नियम चालत नाहीत.

पूर्ण रूपांतर झालेली प्रत मी अजूनही छापील अंकाशी ताडून वाचते, पण आता माझं लक्ष वेगळ्या ठिकाणी असतं. शुद्धलेखन मी फारसं बघत नाही. मी बघते ते शेवटच्या क्षणी झालेले बदल. लेखकानं पान लागल्यावर सुचवलेली दुरुस्ती आम्ही थेट पेजमेकरमध्ये करायचो, आणि वर्डची फाइल जुनीच राहायची. तिथे फाइल एक सांगते आणि छापलेलं पान दुसरं. अशा जागी छापलेलं पान प्रमाण मानायचं, असं आम्ही ठरवलं आहे. त्या पेजमेकर फायलींतून मजकूर बाहेर काढायला जुना संगणक लागतो. तो वाचनालयाच्या कपाटात आहे, चालू आहे, आणि तो मोडीत काढायचा ठराव कार्यकारिणीपुढे आला तेव्हा मी विरोधात हात वर केला.